कोटेशनमधले डिटेन्शन, डेमरेज आणि बंकर सरचार्ज: मराठी वाचणाऱ्या निर्यातदाराला किती खुलासा द्यावा?

कागल डेस्क
आमच्या ऑफिसची कोटेशने इंग्रजीत जातात. गुळाचे एक लहान निर्यातदार आहेत, त्यांना मराठीच नीट वाचता येते. न्हावा शेवा ते जेबेल अली, २० फुटी एक कंटेनर, माल सीएफआरने, म्हणजे जहाजाचे भाडे विकणाऱ्याने भरायचे अशा अटीवर विकलेला, भरणी कोल्हापुरातच. डिटेन्शन, डेमरेज आणि बंकर सरचार्ज या तीन ओळींखाली मराठीत खुलासा लिहावा असे मला वाटते. आमचे साहेब म्हणतात, लिहिले तर तेच उद्या आपल्या अंगाशी येईल. आपले मत काय?

बंदरवाट
लिहावेच, पण व्याख्या नको, तारखा लिहाव्यात. समजा, रिकामा कंटेनर १८ मार्चला यार्डातून उचलला आणि लाइनने, म्हणजे जहाज कंपनीने, तिचा कंटेनर बंदराबाहेर ठेवायला, म्हणजे डिटेन्शनचे, ७ दिवस मोफत दिले आहेत. उचलण्याचा दिवस बहुतेक लाइन पहिलाच धरतात आणि रविवार किंवा सण वगळत नाहीत, म्हणून मोफत मुदत २४ तारखेला संपते. ट्रेलर १९ला कोल्हापुरात पोहोचला, गूळ ओलसर निघाल्यामुळे भरणी २१ला झाली, आणि २२ला ट्रेलर बंदराजवळ जाऊन उभा राहिला. त्या जहाजासाठी गेट उघडले २४च्या संध्याकाळी, रात्र रांगेत गेली, आणि कंटेनर आत गेला तो २५ला. हा आठवा दिवस, त्याचे डिटेन्शन लागणारच. निर्यातदार दोष ओल्या गुळाला देईल, पण भरणी २० तारखेला झाली असती तरी गेट २४लाच उघडणार होते. चूक रिकामा कंटेनर लवकर उचलण्यात आहे. गेटची तारीख आधी विचारून, एका बाजूला सुमारे ४०० किलोमीटर असा येण्याजाण्याचा प्रवास आणि भरणी धरून उलटे मोजत यावे, आणि मग उचलण्याचा दिवस ठरवावा. मराठी खुलाशात एवढे एक वाक्य जरी गेले तरी त्या गृहस्थांचे पैसे वाचतील.

शिरोली फौंड्री
डेमरेजचा कंटेनरशी काय संबंध? जहाज ठरल्यापेक्षा जास्त दिवस बंदरात अडकून राहिले तर मालवाल्याने जहाजमालकाला जे द्यायचे ते डेमरेज. आमच्या पाहुण्यांचा कोळशाचा व्यवहार आहे, त्यांच्या करारात असेच लिहिलेले मी पाहिले आहे. गुळाच्या एका कंटेनरला ते लागूच होत नाही, तेव्हा ती ओळ कोटेशनमधून काढून टाका.

बंदरवाट
आपण पाहिलेला करार खरा आहे, पण तो अख्खे जहाज भाड्याने घेणाऱ्यांचा आहे. कंटेनरच्या धंद्यात डेमरेज म्हणजे भरलेला कंटेनर बंदराच्या आत मुदतीपलीकडे पडून राहण्याचे पैसे. माझ्याच उदाहरणात पुढे जाऊ. कंटेनर २५ला आत गेला, तिथे डिटेन्शनचे घड्याळ थांबले आणि दुसरे सुरू झाले. आतले ५ दिवस मोफत असे धरले तर ते २९ला संपतात. जहाज २८ला निघायचे होते ते लांबले, आणि कंटेनर चढला १ एप्रिलला. म्हणजे ३०, ३१ आणि १ असे ३ दिवस वर गेले. काही लाइन याला डेमरेज म्हणतात, काही ठिकाणी टर्मिनलचे जागाभाडे म्हणून तेच बिल येते, आणि काही लाइन उचलण्यापासून चढण्यापर्यंत एकच मुदत मोजतात. ही लाइन यांपैकी काय करते, ते कोटेशन देणाऱ्यानेच विचारून लिहायचे असते. निर्यातदाराने ते शोधत बसावे ही अपेक्षा चुकीची आहे.

जुना अकाउंटंट
मी साहेबांच्या बाजूचा आहे. ३ दिवस जहाजामुळे गेले, मग पैसे कोणी द्यायचे? आपल्या मराठी खुलाशात "जहाज लांबल्यास आकार लागणार नाही" असे सहज लिहून जाईल आणि लाइनने बिल धाडले की ग्राहक तोच कागद आपल्यासमोर धरेल. फॉरवर्डर हा मधला माणूस आहे. लाइनचे दरपत्रक आपण बदलू शकत नाही, तर त्याचा अर्थ लावण्याची जोखीम तरी का घ्यावी? इंग्रजी कागदावर सही घ्यावी आणि समजवायचे ते फोनवर समजवावे.

चप्पल ओळ
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण इथेच विचारते. मी चपलांची थोडी खोकी दुसऱ्यांच्या मालाबरोबर एका कंटेनरमध्ये पाठवते. मागच्या खेपेला मलाही डिटेन्शन लागले. पूर्ण कंटेनर माझा नसताना असे कसे?

बंदरवाट
ताई, ते बिल बहुधा टेम्पोवाल्याचे असेल. गोदामाच्या दारात गाडी उभी राहिली की वाहतूकदारही हॉल्टिंगला डिटेन्शनच म्हणतात. तुमच्यासारख्या सुट्या मालाला लाइनचे डिटेन्शन सहसा थेट येत नाही, गोदामभाडे येऊ शकते. बिल कोणाच्या नावाने आले आहे ते पाहा. यावरून आठवले: गुळवाल्यांनाही ट्रेलरचे हॉल्टिंग आणि लाइनचे डिटेन्शन अशी दोन बिले येतील आणि एकाच गोष्टीचे दोनदा पैसे घेतले असे वाटेल, तेव्हा दोन्ही ओळी वेगळ्या दाखवाव्यात.

अकाउंटंट साहेब, फोनवर सांगितलेले महिन्याभराने कोणाच्या लक्षात राहते? जहाज लांबल्याचे दिवस बऱ्याच लाइन सोडतात, पण आपण लेखी मागणी केल्यावर, आणि कस्टमची परवानगी आपण वेळेत मिळवलेली असेल तरच. खुलाशात "सूट मागता येते, मिळेलच असे नाही" एवढेच लिहावे. यात आश्वासन कुठे आले?

कागल डेस्क
बंकरबद्दल कोणी बोलले नाही. आमच्या कोटेशनमध्ये "जहाज निघताना लागू असेल तो" असे आहे आणि शेजारी १०० डॉलर हा आकडा आहे.

बंदरवाट
धोका तिथेच आहे, कारण वाचणारा आकडा वाचतो, शेजारचे शब्द वाचत नाही. बंकर म्हणजे जहाजाच्या इंधनाचा आकार. बऱ्याच लाइन तो दर तिमाहीला इंधनाच्या भावावरून बदलतात. १ जानेवारी २०२० पासून जहाजांना ०.५० टक्क्यांपर्यंतच गंधक असलेले इंधन बंधनकारक झाले, तेव्हाही अनेक लाइननी आकारणीची सूत्रे नव्याने बांधली. आपल्या उदाहरणात जहाज २८ मार्चला गेले असते तर १०० डॉलरच लागले असते. ते २ एप्रिलला निघाले, नवी तिमाही लागली, आणि दर समजा १४० झाला. माल सीएफआरने विकला असल्यामुळे हे ४० डॉलर खरेदीदाराकडून मागता येत नाहीत. एफओबी असता तर भाडे त्याचेच होते. काही लाइन कंटेनर आत गेल्याची तारीख धरतात, मग २५ मार्चमुळे जुनाच दर लागतो. म्हणून कोणती तारीख धरली जाणार, ते त्या आकड्याच्या शेजारीच मराठीत लिहा.

शिरोली फौंड्री
मग सगळे धरून एकच रक्कम का नाही सांगत? आम्ही तसेच मागतो.

जुना अकाउंटंट
बंकर धरून भाडे देता येते, पण वाढीची जोखीम फॉरवर्डर त्यातच घालतो, फुकट घेत नाही. आणि डिटेन्शनचे दिवस तर निर्यातदाराच्या हातात आहेत, ते एकरकमी कसे बांधणार? एक मात्र मी मान्य करतो. जेबेल अलीला खरेदीदाराने माल उचललाच नाही तर बिल ऑफ लेडिंगवर नाव असलेल्या शिपरकडे लाइन वसुलीला येऊ शकते. तिकडचे मोफत दिवस किती, हे बुकिंगच्या वेळीच वाढवून मागता येते, आणि ही ओळ मराठीत असायला माझी हरकत नाही.

कागल डेस्क
म्हणजे एक ओळ आपल्याला चालते, तीन चालत नाहीत. साहेबांना बंदरवाटांचे तारखांचे उदाहरण दाखवले. त्यांना ते पटले, पण खाली "वाद झाल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य" असे हवे म्हणाले. जो मजकूर ग्राहकाला वाचताच येत नाही तोच ग्राह्य, असे त्याच्याच भाषेत लिहून द्यायचे का?

जुना अकाउंटंट
हो. लाइन आपल्याला मराठीत बिल देत नाही.

बंदरवाट
ते वाक्य मी पहिल्या ओळीत घालेन, तळाला नाही. सही करण्याआधी त्यांना ते दिसले पाहिजे.