प्रतिसाद: मेलबर्नच्या संमेलनाची टॅगलाइन

«संमेलन १७ जानेवारीला, मेलबर्नमध्ये. ‘गुलाबी थंडी, तिळगुळाची गोडी’ कशी वाटते? निमंत्रणही सुचवा.»

गोडी ठेवा, थंडी काढा. जानेवारीत तुमच्याकडे ऐन उन्हाळा, सूर्य मावळतो साडेआठनंतर, वाचणारे हसतील. त्यापेक्षा तो विरोधाभासच वापरा:

‘ऊन इथलं, तिळगूळ आपला!’

निमंत्रण असं:

‘संक्रांत बुधवारी आहे, पण सगळ्यांना सुट्टी शनिवारी! तेव्हा १७ जानेवारीला संध्याकाळी ५ वाजता सहकुटुंब या. हळदीकुंकू, मुलांची नाटुकली आणि गुळाची पोळी. किती जण येणार ते १० तारखेपर्यंत कळवा, पोळ्या मोजून लाटायच्या आहेत.’

‘सहकुटुंब सहपरिवार’ लिहू नका, अर्थ एकच. शेवटचं वाक्य मात्र गाळू नका. नुसतं ‘कृपया कळवावे’ लिहिलं की आमच्याकडे निम्मे कळवतच नाहीत.