मदत हवी आहे : सापडलेली मंगलपोत परत करणाऱ्या ताईंना आभारपत्र

आमच्या चोपडा तालुक्यातल्या देवीच्या मंदिरात चैत्रातल्या गर्दीत एका भक्त ताईंना नारळ फोडायच्या जागेजवळ मंगलपोत सापडली. शेतमजुरी करणारी बाई, पण सरळ कार्यालयात आणून दिली. बक्षीसही घेतलं नाही. ट्रस्टतर्फे लेटरहेडवर आभारपत्र द्यायचं आहे आणि लिहायचं काम माझ्याकडे आहे.

मूळ मालकीण त्याच संध्याकाळी आल्या. तुटलेला फासा आणि लाल दोऱ्याने बांधलेली वाटी ही खूण त्यांनी न बघता सांगितली, सराफाची पावतीही दाखवली. नोंदवहीत दोन विश्वस्तांसमोर सह्या घेऊन पोत दिली, त्यामुळे तो विषय मिटलेला आहे.

अडचण मजकुराची. नोंदवहीत आम्ही ‘पिवळ्या धातूची पोत’ एवढंच लिहिलं, कारण आम्ही कस तपासला नव्हता की वजन केलं नव्हतं. पण आभारपत्रात तेच शब्द टाकले तर ताईंनी परत केलेल्या वस्तूवर शंका घेतल्यासारखं वाटतं. ‘सोन्याची, अमुक ग्रॅमची’ लिहिलं तर तो ट्रस्टचा दाखला ठरेल, अशी सचिवांना धास्ती. मी ‘मालकांनी दाखवलेल्या पावतीनुसार सोन्याची मंगलपोत’ असं लिहून पाहिलं, वजन गाळलं.

ताईंना वाचता येत नाही, पत्र घरी मुलगा वाचून दाखवेल. म्हणून पाच-सहा सोपी वाक्यं हवीत. मालकिणीचं नाव घालणार नाही, त्यांनीच नको म्हटलंय.

ट्रस्टचा पत्रव्यवहार सांभाळणाऱ्यांनी सांगा, ‘पावतीनुसार’ एवढ्याने भागेल का, की पत्रात नोंदवहीचा क्रमांक आणि तारीखही द्यावी?