मदत हवी आहे: ८ महिने बिनपगारी रजा, मेडिक्लेम आणि पीएफ चालू ठेवायला एचआरला काय सांगू?

मेघना_०७:
नमस्कार, बाबांना पॅरालिसिसचा अ‍ॅटॅक आलाय, उजवी बाजू पूर्ण गेलीय, आईला एकटीला त्यांना उचलणं जमत नाही म्हणून मी डिसेंबर ते जुलै अशी ८ महिने रजा मागितलीय. मॅनेजर हो म्हणाले पण बिनपगारी. माझ्या २४ ईएल शिल्लक आहेत, त्या आधी संपवून मग एलओपी लावू असं एचआर म्हणतेय. बेसिक ३०,००० आहे, पीएफ पूर्ण बेसिकवर कापतात. मेडिक्लेम कंपनीचा ग्रुपवाला, त्यात आईबाबांना घेतलंय, त्यांचा प्रीमियम महिन्याला १,५०० माझ्या पगारातून जातो. पगारच नसेल तर हे दोन्ही कसं चालणार? कंपनीने पीएफ भरत राहावा असं मागता येतं का?

निनाद_के:
२६ आठवडे पगारी मिळतात ना, कायदाच आहे, बिनपगारी कशाला घेताय?

मेघना_०७:
ते मॅटर्निटीचं हो. माझं बाबांसाठी आहे.

सुहास_दा:
पीएफ कंपनीला भरावाच लागतो, तुम्ही रोलवर आहात ना. नाही भरला तर तक्रार करा. नाहीतर तुमचा हिस्सा तुम्ही ऑनलाइन भरा.

पेरोलवाली:
सुहासदा, अर्धंच बरोबर आहे. रोलवर असलात तरी पीएफ निघतो तो त्या महिन्याच्या बेसिक आणि डीएवर, पगार शून्य तर १२ टक्केही शून्य. कंपनी दर महिन्याला जी ईसीआर फाइल भरते त्यात तुमच्या नावापुढे तेवढे दिवस एनसीपी म्हणजे पीएफ न भरलेले दिवस म्हणून जातात, यात कंपनीची चूक नाही. आणि नोकरदाराला आपला हिस्सा परस्पर भरता येत नाही, व्हीपीएफसुद्धा पगारातूनच जातो. आधीच्या शिल्लक रकमेवर व्याज चालू राहतं, फक्त एनसीपीचे दिवस पेन्शनच्या सेवेतून वजा होतात.

मेघना, पीएफ भरा म्हणून भांडण्यापेक्षा मी काय मागेन सांगते. २४ ईएल सुरुवातीला एकदम संपवू नका, दर महिन्याला ३ अशा आठ महिन्यांत पसरवून द्या म्हणा. ३ दिवसांचं बेसिक ३,००० होतं, त्यावर तुमचे ३६० आणि कंपनीचे ३६० जातात, कंपनीच्या ३६० पैकी २५० पेन्शनला. रक्कम छोटी आहे पण एकही महिना पूर्ण कोरा जात नाही, आणि पगाराची स्लिप बनत असल्यामुळे आईबाबांचा प्रीमियम त्यातूनच कापता येतो (३ दिवसांचा एकूण पगार तेवढा होतोय ना ते बघून घ्या).

मेघना_०७:
होतो, साधारण ६,००० येतील. पण आधी ईएल मग एलओपी असा आमच्याकडे नियम आहे म्हणतात.

पेरोलवाली:
मग तो कंपनीचा स्वतःचा नियम आहे, मॅनेजरच्या मंजुरीने अपवाद करतात कधी कधी, पण करतीलच असं नाही. नाहीच म्हणाले तर प्रीमियमचे ८ × १,५०० म्हणजे १२,००० रजेआधीच भरते म्हणून लिहून द्या. पीएफमध्ये एकच गोष्ट पक्की करा, तुमची डेट ऑफ एक्झिट भरायची नाही. काही सिस्टीममध्ये लांब रजा टाकली की माणूस इनअ‍ॅक्टिव्ह होतो आणि कुणीतरी भाबडेपणाने एक्झिट टाकून मोकळं होतं.

उज्ज्वला_एम:
हेच माझ्या बाबतीत झालं! ६ महिने रजेवर होते, सासूबाईंना अ‍ॅडमिट करायला गेलो तर हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कवरचा मुलगा स्क्रीन फिरवून दाखवतो, मेंबर नॉट अ‍ॅक्टिव्ह. मधे पॉलिसीचं रिन्युअल झालं होतं आणि एचआरने जी नवीन यादी पाठवली त्यात माझं नावच नव्हतं. त्या रात्री पूर्ण डिपॉझिट आम्ही भरलं. नंतर नाव घातलं पण बिल परत मिळायला फार वणवण झाली.

पेरोलवाली:
बघा, धोका रिन्युअललाच असतो. वर्षाचा प्रीमियम कंपनीने भरलेला असतो, मधल्या काळात नाव सहसा तेव्हाच निघतं जेव्हा कंपनी स्वतः डिलीशन पाठवते. मेघना, तुमच्या पॉलिसीची तारीख कधी?

मेघना_०७:
१ एप्रिल! म्हणजे बरोब्बर रजेच्या मध्ये.

पेरोलवाली:
मग ईमेलवर असं घ्या: रजेत मी कर्मचारीच आहे, माझं आणि आईबाबांचं नाव एप्रिलच्या यादीत राहील. आणि एप्रिलमध्ये नवीन ई-कार्ड काढून त्यावरची तारीख स्वतः बघा, एचआरच्या हो म्हणण्यावर थांबू नका.

निनाद_के:
सॉरी, मी नीट वाचलंच नव्हतं. जोडीला वेगळी पॉलिसी घेऊन ठेवली तर?

पेरोलवाली:
स्वतःसाठी जरूर घ्या. बाबांना आता नवीन पॉलिसी मिळणं अवघड, मिळाली तरी आधीच्या आजाराला वेटिंग पीरियड लागेल. म्हणून तर त्यांचं ग्रुपमधलं नाव जाता कामा नये.

मेघना_०७:
आज मेल टाकला. मेडिक्लेमला एचआर लेखी हो म्हणाली, १२,००० आधी भरायला सांगितलेत. एक्झिट टाकणार नाही हेही लिहून आलंय. ईएल पसरवायचं मात्र वर विचारते म्हणाली. कुणाच्या कंपनीने असं केलं असेल तर अर्जात काय लिहिलं होतं ते टाका प्लीज, सोमवारी परत बोलायचंय.