मदत हवी आहे : पाच मिनिटांच्या भाषणात वस्तू नेमकी केव्हा दाखवावी?

अनुजा_व : 'अपघातानंतर हेल्मेट बदला' या विषयावर मला सुमारे चाळीस जणांसमोर पाच मिनिटे बोलायचे आहे. एकदा आदळलेले एक हेल्मेट माझ्याकडे आहे. बाहेरून त्यावर फक्त एक ओरखडा दिसतो, परंतु आतले अस्तर काढल्यावर फोमला आरपार गेलेली भेग स्पष्ट दिसते. ते सुरुवातीलाच दाखवावे की शेवटी?

सदानंद_क : टेबलावर कापडाखाली झाकून ठेवावे आणि शेवटच्या वाक्याला कापड ओढावे. उत्सुकता टिकून राहते.

मेघना_र : उत्सुकता टिकते हे खरे, परंतु ती कापडाबद्दल टिकते. चार मिनिटे श्रोते तुमच्याकडे न पाहता त्या उंचवट्याकडे पाहत राहतील. शिवाय शेवटच्या वाक्याला उघडले, तर भेगेचा अर्थ सांगायला वेळच उरणार नाही. माझ्या मते इथे हेल्मेट लपवण्याची गरजच नाही. लपवायची आहे ती फक्त त्याची आतली बाजू. पहिल्याच मिनिटात ओरखड्याची बाजू श्रोत्यांकडे करून ते हातात घ्या आणि "हे उद्या कोण वापरेल?" असे विचारून हात वर करायला सांगा. मग ते खाली ठेवून, फोम चिरडला जाऊन धक्का शोषतो आणि पुन्हा पूर्ववत होत नाही, हे समजावून सांगा. साधारण तिसऱ्या मिनिटाला, काहीही न बोलता, ते उलटे करा आणि तीन-चार सेकंद तसेच धरून ठेवा. ज्यांनी हात वर केला होता, त्यांना उत्तर स्वतःच मिळेल. त्या क्षणी बोलत राहिलात, तर लोक शब्द ऐकतील किंवा भेग पाहतील. दोन्ही एकदम होणार नाही.

योग्य क्षणाची वाट पाहण्याचे एक उदाहरण देते. १९८६ मध्ये 'चॅलेंजर' या अंतराळयानाच्या अपघाताच्या चौकशीत भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी, थंडीत रबर लवचीक राहत नाही हे पटवण्यासाठी, बर्फाच्या पाण्यात दाबून ठेवलेले रबर दाखवले होते. ते घाईने बोलू लागणार होते, तेव्हा शेजारी बसलेल्या जनरल कुटिना यांनी त्यांना थांबवले आणि संबंधित मुद्दा पुढे आल्यावरच बोलायला सांगितले.

प्रकाश_जे : मी ऑनलाइन बोलताना हातातली वस्तू पडद्यावर दिसेनाशी झाली, कारण पार्श्वभूमी धूसर करण्याची सोय चालू होती. ती आधी बंद करावी.

अनुजा_व : माझे भाषण सभागृहात आहे, तरी सूचना लक्षात ठेवते. मेघनाताई, भेग मागच्या रांगेतून दिसेल का?

मेघना_र : पांढऱ्या फोमवरची भेग बहुधा दिसणार नाही. सभागृहात आधी जाऊन कोणाला तरी शेवटच्या खुर्चीवर बसवा आणि काय दिसते ते विचारा. अस्तर घरीच काढून ठेवा, म्हणजे ते सोडवण्यात शांतता वाया जाणार नाही. भाषण चालू असताना हेल्मेट श्रोत्यांत फिरवू मात्र नका.

सदानंद_क : भेगेवर लाल रंग भरला तर?

मेघना_र : दिसेल खरी, परंतु रंग दिल्याचे सांगावे लागेल आणि तेवढ्याने परिणाम उणावेल. मी त्याच वेळी मागच्या पडद्यावर मोठे छायाचित्र दाखवीन.

सदानंद_क : मग सगळे पडद्याकडे पाहतील आणि हातातल्या हेल्मेटला काही अर्थ उरणार नाही. मला अजूनही रंगच बरा वाटतो.

अनुजा_व : उद्या शेवटच्या खुर्चीवरून दोन्ही प्रकार पाहून इथे कळवते.