वऱ्हाडी उतारा प्रमाण मराठीत आणताना म्हणीचं काय करायचं?

"वऱ्हाडी उतारा प्रमाण मराठीत लिहायचाय, पण म्हणी बदलल्या की मजा जाते. काय करू?"

आधी व्याकरण बदला, म्हणीला शेवटी हात लावा. समजा उतारा असा आहे, 'बाप कर्ज फेडून रायला, जवय पैसा नाई, अन् पोट्टा म्हन्ते मले गाडी पायजे. घरात नाई दाना अन् मले बाजीराव म्हना.' इथे 'फेडून रायला'चं 'फेडून राहिला' करू नका, ते चालू काम आहे म्हणून 'फेडत आहे', आणि 'म्हन्ते' दिसलं म्हणून कर्ता बाई समजू नका कारण वऱ्हाडीत पुरुषालाही तेच रूप चालतं, प्रमाणात 'म्हणतो'. 'जवय'चं जवळ, 'मले'चं मला, हे सोपंच आहे.

आता म्हण. बरेच जण इथे 'घरात धान्य नसताना मोठेपणा मिरवतो' असं लिहितात, अर्थ बरोबर पण म्हण मेली ना! फक्त उच्चार बदला, 'घरात नाही दाणा आणि मला बाजीराव म्हणा', यमक तसंच राहतं. मोठ्याने वाचून बघा, ठेका तुटला तर समजा जास्त बदल झालाय.

पूर्ण उतारा मग असा होईल: 'बाप कर्ज फेडत आहे, जवळ पैसा नाही आणि मुलगा म्हणतो, मला गाडी पाहिजे. घरात नाही दाणा आणि मला बाजीराव म्हणा, अशी त्याची तऱ्हा.' शेवटचे तीन शब्द मूळ उताऱ्यात नाहीत, पण म्हण कोणाला लागू होते ते त्यांनी कळतं. प्रमाण मराठीत जोडीची म्हणच नसेल तर मात्र तीच ठेवा आणि अर्थ पुढच्या वाक्यात ओघात येऊ द्या, कंसात नको.