निर्यातीवर कर शून्य, वर भरलेल्या कराचा परतावाही: हा न्याय की लाड?

औंधकर:
मी पुण्यात साधा पंखा घेतला तरी १८ टक्के जीएसटी भरतो. भोसरी-चाकणचा कारखानदार कोटीचा माल जर्मनीला पाठवतो तेव्हा कर शून्य, आणि कच्च्या मालावर भरलेला करही सरकार त्याला परत देतं. रस्ते आपले, पाणी पवनेचं, कामगार इथले. मग जिथे माल बनतो तिथे कर का नको? माझ्या मते ही निर्यातदारांना दिलेली छुपी सबसिडी आहे. कुणाचं वेगळं मत असेल तर आकड्यांसकट सांगा.

लेखाजोखा:
मी या पट्ट्यातल्या लहान कारखान्यांचं जीएसटीचं काम बघते, म्हणून त्यांच्यासारखाच एक हिशेब मांडते. आकडे सोपे केले आहेत.

भोसरीतलं एक युनिट पाइप जोडायचे पोलादाचे फ्लँज बनवतं. पोलाद, टूलिंग, बाहेरून करून घेतलेलं मशिनिंग असा ६० लाखांचा माल आणि सेवा त्याने घेतल्या. त्यावर १८ टक्क्यांनी १० लाख ८० हजार कर पुरवठादारांना दिला. स्वतःची मजुरी, खर्च आणि नफा ४० लाख. जर्मन गिऱ्हाइकाला बिल एक कोटीचं.

समजा तुम्ही म्हणता तसा इथेच कर लावला. बिल होईल एक कोटी १८ लाखांचं. हॅम्बुर्गला माल उतरला की जर्मनी त्या सगळ्या रकमेवर स्वतःचा १९ टक्के कर लावणार. तो जर्मन कर तिथल्या कंपनीला वजा मिळतो, पण आपले १८ लाख तिला कुणीच परत देत नाही. ते तिच्या खर्चात कायमचे बसतात. तुर्कस्तानच्या पुरवठादाराचं बिल मात्र एक कोटीच असेल, कारण त्याचा देश निर्यातीवर कर लावत नाही. ऑर्डर कुठे जाईल?

आता दुसरा पर्याय बघा, बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. निर्यात नुसती करमुक्त केली, पण परतावा दिला नाही, तर बिलावर कर दिसणार नाही. मात्र ते १० लाख ८० हजार युनिटच्या गळ्यात राहतील. म्हणजे माल एक कोटी १० लाख ८० हजारांना विकावा लागेल किंवा नफ्यातून तेवढे सोडावे लागतील. कर तिथेही आहेच, फक्त दिसत नाही. परतावा मिळतो तेव्हाच कर खरोखर शून्यावर येतो.

तुमच्या पंख्याचं म्हणाल तर तो तुम्ही पुण्यात वापरता, म्हणून कर पुण्यात. फ्लँज जर्मनीत वापरला जातो, म्हणून कर जर्मनीत. आणि तिथून आलेल्या मशीनवर आपण बंदरात आयजीएसटी, म्हणजे देशाची किंवा राज्याची सीमा ओलांडणाऱ्या मालावरचा जीएसटी, घेतोच की.

सह्याद्री:
आकडे पटले, तत्त्व नाही. हेच तत्त्व देशातही लावलंय आणि त्यात महाराष्ट्र भरडला गेला. पूर्वी केंद्रीय विक्रीकर होता, चाकणहून गाडी बिहारला गेली की दोन टक्के का होईना, आपल्या राज्यात राहायचे. आता राज्याचा वाटा सगळा बिहारला. कारखान्याला जमीन, रस्ता, पोलीस बंदोबस्त आपण द्यायचा आणि गल्ला दुसऱ्याचा. निर्यातीचा परतावाही आपल्याच तिजोरीतून जातो.

लेखाजोखा:
तिजोरीबद्दल तुमचं अर्धं बरोबर आहे. पोलाद पुण्यातल्याच व्यापाऱ्याकडून घेतलं असेल तर त्यातला निम्मा कर राज्याचा असतो आणि परताव्यात तो राज्यालाच सोडावा लागतो. पण तो याच साखळीत आधी जमा झालेला पैसा आहे. राज्याने पदरचं काही घातलेलं नाही.

बिहारचा मुद्दा राजकारणात खराच गाजला होता. उत्पादक राज्यांसाठी आंतरराज्य विक्रीवर एक टक्का जादा कर घटनादुरुस्तीच्या विधेयकात होता, तो २०१६ मध्ये काढला. त्याऐवजी राज्यांना पाच वर्षं १४ टक्के वाढीच्या हिशेबाने भरपाई दिली, ती मुदत जून २०२२ मध्ये संपली. पण दुसरी बाजूही बघा. गुजरातच्या मोरबीच्या टाइल्स वाकडच्या फ्लॅटमध्ये बसतात तेव्हा राज्याचा वाटा आपल्याला मिळतो. खरेदी करणारं राज्य म्हणून महाराष्ट्र मोठा आहे, म्हणून जीएसटी जमा होण्यात तो आजही पहिला आहे. तो दोन टक्क्यांचा कर तर पुढच्या खरेदीदाराला वजाही मिळत नसे. माल जितक्या वेळा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकला जाईल तितका तो किमतीत साचायचा.

सह्याद्री:
वाकडच्या टाइल्सवर मिळणाऱ्या करातून चाकणचे खड्डे बुजत नाहीत. कारखान्याचा भार जिथे पडतो तिथे काहीतरी राहिलं पाहिजे, यावर मी ठाम आहे.

जुन्नरचा शेतकरी:
शून्य कर कुणाच्या निर्यातीवर? ऑगस्ट २०२३ मध्ये आमच्या कांद्यावर ४० टक्के शुल्क लावलं. चाळीतला कांदा बाजारात न्यायच्या ऐन वेळेला. पुढे ते २० वर आणलं आणि एप्रिल २०२५ मध्ये काढलं. तोपर्यंत व्यापारी तेवढे पैसे आमच्याच भावातून कापत होता. कारखान्याला शून्य आणि शेतकऱ्याला ४०, याला कुठलं तत्त्व म्हणायचं?

लेखाजोखा:
दादा, तुमची तक्रार खरी आहे, पण ते निर्यात शुल्क. ते सीमाशुल्क कायद्यातलं, माल बाहेर जाऊच नये म्हणून मुद्दाम लावलेलं. धागा जीएसटीबद्दल आहे. ताज्या कांद्यावर देशातही जीएसटी नाही, पण निर्यात झाली की जाळीच्या गोण्यांवर वगैरे निर्यातदाराने भरलेला कर तो परत मागू शकतो. एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची आहे. ज्या मालावर निर्यात शुल्क लागू असतं त्यावर साचलेल्या क्रेडिटचा, म्हणजे खरेदीवर भरलेल्या आणि वजा न झालेल्या कराचा, परतावा कायद्याने मिळत नाही. म्हणजे तेव्हा ४० टक्के गेले आणि गोणीवरचा करही अडकला. दोन्हींचा भार शेवटी तुमच्या भावावरच येतो.

जुन्नरचा शेतकरी:
नाव काही द्या, पैसे आमच्याच खिशातून गेले.

गोखलेनगर:
अर्थशास्त्र शिकवतो, म्हणून थोडं उलट बोलतो. 'शून्य नाही तर ऑर्डर गेली' हे एका फ्लँजपुरतं खरं आहे. १९५३ मध्ये युरोपच्या कोळसा-पोलाद संघात जर्मनी आणि फ्रान्सचा नेमका हाच वाद झाला होता. डच अर्थतज्ज्ञ टिनबर्गन यांच्या समितीने दाखवलं की कर सगळ्या वस्तूंवर एकाच दराने असेल तर उगमावर लावा की मुक्कामावर, फार फरक पडत नाही. सगळीच निर्यात महागली की चलनाचा दर किंवा देशातल्या किमती तेवढ्या सरकतात. शून्य कर म्हणजे देशाला काही विशेष मदत मिळते, असं म्हणूनच म्हणता येत नाही. औंधकरांची सबसिडीची शंका त्याने फिटते, पण तुमची ऑर्डर जाण्याची भीतीही निम्मी होते.

शिवाय चीन बघा. तिथे निर्यातीवरचा कर सगळ्याच मालावर पूर्ण परत देत नाहीत. डिसेंबर २०२४ पासून ॲल्युमिनियम आणि तांब्याच्या बऱ्याच मालावरचा परतावा बंदच केला. तरी चीन निर्यात करतोच.

लेखाजोखा:
सर, 'एकाच दराने' हीच तर अडचण आहे. आपल्याकडे ५ टक्के, १८ टक्के, काहींवर काहीच नाही, आणि पेट्रोल-डिझेल जीएसटीच्या बाहेर. रुपया घसरला तर सगळ्यांसाठी सारखा घसरेल, पण फ्लँजवाल्यावर १८ टक्के आणि दुसऱ्या कुणावर ५, हा फरक तो भरून काढणार नाही. शिवाय रुपया सरकेपर्यंत भोसरीतलं युनिट पगार कुठून देणार? चीनचं उदाहरण मला माझ्याच बाजूचं वाटतं. परतावा रोखणं म्हणजे मागच्या दाराने लावलेलं निर्यात शुल्क. ॲल्युमिनियम देशातच राहावं असं वाटलं तर ते समजून-उमजून करतात.

औंधकर, सबसिडीची रेघ जागतिक व्यापार संघटनेच्या करारात स्पष्ट आहे. देशात त्याच मालावर जो अप्रत्यक्ष कर लागला असता तो माफ करणं किंवा परत देणं सबसिडीत धरत नाहीत. लागलेल्या करापेक्षा जास्त दिलं तर धरतात. निर्यातमूल्याच्या टक्केवारीने बक्षीस देणारी आपली एमईआयएस योजना २०१९ मध्ये तिथे हरली. तिच्या जागी १ जानेवारी २०२१ पासून रोडटेप आली. चाकण ते न्हावा शेवा ट्रेलरच्या डिझेलवरचा कर, विजेवरचं शुल्क, असं जीएसटीतून परत न मिळणारं ती ठरावीक दराने देते. प्रत्येकाचा खरा भार त्या दराशी जुळतोच असं नाही.

औंधकर:
म्हणजे १० लाख ८० हजार परत दिले तर सबसिडी नाही, त्यावर एक रुपया जास्त दिला तर आहे. हे पटलं. सह्याद्रींचा खड्ड्यांचा प्रश्न मला अजून सुटलेला वाटत नाही, पण तो बहुधा मालमत्ता कराचा प्रश्न आहे, जीएसटीचा नाही.

युनिटवाला भोसरी:
कर खरोखर शून्यावर येतो म्हणता, आमचं उदाहरण घ्या. माल जवळजवळ सगळा निर्यातीचाच. ५० लाखांचं सीएनसी मशीन घेतलं, नऊ लाख जीएसटी भरला. एलयूटीवर, म्हणजे कर न भरता हमीपत्रावर, माल पाठवतो, पोलादाचा परतावा येतो, पण हे नऊ लाख क्रेडिटमध्ये तसेच पडून आहेत.

लेखाजोखा:
एलयूटीच्या वाटेने ते येणारच नाहीत. तिथल्या परताव्याच्या सूत्रात कच्चा माल आणि सेवांवरचं क्रेडिट धरतात, भांडवली मालावरचं वगळतात. ज्यांची देशातही भरपूर विक्री आहे त्यांचं ते तिथल्या करात वळतं होतं. तुमच्यासारख्यांचं अडकतं. तत्त्व म्हणून ही मला सरळ चूक वाटते. मशीनवरचा करही फ्लँजबरोबर जर्मनीलाच निघालाय.

वाट आहे. पुढची ५० लाखांची खेप एलयूटीवर न पाठवता आयजीएसटी भरून पाठवा. कर बसेल नऊ लाख आणि तो क्रेडिटमधूनच भरता येईल. मग वेगळा अर्ज लागत नाही, कस्टम्सला दिलेलं शिपिंग बिल हाच अर्ज धरतात आणि पैसे थेट बँकेत येतात. फक्त बिल नंबर दोन्हीकडे अक्षरशः एकच ठेवा. शिपिंग बिलावर `EXP/042` आणि जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रात `EXP/42` असं झालं की `SB005` ही चूक दाखवून परतावा थांबतो. माझ्याकडे येणाऱ्या अडलेल्या परताव्यांत हेच कारण सगळ्यात जास्त असतं.

युनिटवाला भोसरी:
आमच्या शिपिंग बिलावर नंबर एजंट टाकतो, जीएसटीआर-१ ऑफिसातली मुलगी भरते. उद्या दोघांना समोरासमोर बसवतो.

सह्याद्री:
नऊ लाख परत घ्या, हक्काचे आहेत. त्यातला राज्याचा हिस्सा कुठून जातो तेही ऑफिसात एकदा विचारा. माझा प्रश्न तिथेच उभा आहे.