ओला, सुका की जैवविघटनशील? स्लाइडवर कोणती मराठी?

प्रश्न

कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या सभेत कचरा वेगळा करण्यावर स्लाइड दाखवायच्या आहेत. पुढच्या आठवड्यात याच स्लाइड महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयातही दाखवणार. पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं, 'जैवविघटनशील कचऱ्याचे निर्मितीच्या ठिकाणीच वर्गीकरण करण्यात यावे'. आईनं दोनदा वाचून विचारलं, "म्हणजे मी नेमकं काय करायचं?" मग मी 'ओल्या कचऱ्याचं वर्गीकरण घरातच करायचं' असं केलं. आता कार्यालयासाठी वेगळा संच करू का? आणि 'करायचं' चालेल की 'करायचे'च हवं?

सोसायटीचा माजी सचिव

बोलतो तसंच लिहा. कार्यालयातले लोकही घरी 'केलं', 'त्यामुळं'च म्हणतात. 'करण्यात यावे' दिसलं की माणूस वाचायचं सोडतो, हे मी नोटिसांवर वर्षानुवर्षं पाहिलंय.

एक मुद्रितशोधक

'करण्यात यावे'बद्दल पटलं. त्यात कोणी करायचं हेच गायब होतं, आईंचा प्रश्न तिथूनच आला. पण 'बोलतो तसंच' स्लाइडवर जसंच्या तसं चालत नाही. कागदावरचा अनुस्वार डोळ्याजवळ असतो, पडद्यावरचा मागच्या रांगेतून दिसत नाही. 'केलं'चं 'केल' झालं तर वाचणारा सावरून घेतो. पण 'घरं तपासली' असं लिहिलं आणि टिंब हरवलं, की शेवटच्या खुर्चीवरचा माणूस 'घर' वाचून अडखळतो. 'घरे'तली मात्रा ठळक असते, ती हरवत नाही. स्लाइड तयार झाली की लॅपटॉप टेबलावर ठेवून खोलीच्या दारात उभे राहा, टिंबं दिसतात का बघा.

शुद्धलेखनाच्या नियमांत संभाषणासाठी 'केलं' आणि इतर लेखनासाठी 'केले' आहे, म्हणजे दोन्हींना जागा आहे. स्लाइड या दोन्हींच्या मधली आहे. त्यामुळे मी शक्यतो असं वाक्य शोधतो जिथं हा प्रश्नच येत नाही. 'ओला कचरा घरातच वेगळा करा' हे वाक्य बोलीतही तेच, पुस्तकातही तेच. आज्ञार्थात आणि 'कचरा', 'पिशवी' अशा पुल्लिंगी-स्त्रीलिंगी शब्दांत फारसा फरक पडत नाही. फरक दिसतो तो 'झाडं-झाडे', 'साबणानं-साबणाने', 'इथं-येथे' अशा जागी.

प्रबंध लिहिणाऱ्या मुलीचे वडील

मुलीच्या प्रबंधाच्या तोंडी परीक्षेच्या स्लाइडवर 'मी केलं' लिहू देत नाहीत, 'संशोधकाने केले' हवं असतं. मग ते चूक म्हणायचं का?

मुद्रितशोधक

तो वेगळा प्रसंग. तिथं परीक्षकांना विद्यापीठाची रीत पाळलेली हवी असते. इथं सभेतल्या माणसाला घरी जाऊन डब्यात काहीतरी टाकायचं आहे.

कचरावेचकांसोबत काम करणारी कार्यकर्ती

रूपांवर खूप बोललात, पण मला शब्दाचीच अडचण दिसते. 'ओला' हा शब्द सगळ्यांना येतो, म्हणूनच फसवतो. दुधाची पिशवी धुतल्यावर ओली असते, ती सुक्या कचऱ्यात जाते. वाळलेली पानं, देवाची सुकलेली फुलं ओल्या कचऱ्यात. लोक हाताला लागेल ते धरतात आणि दर वेळी अर्ध्या पिशव्या उलट येतात. 'जैवविघटनशील' अवघड आहे, पण अर्थ बरोबर तोच सांगतो. वस्तीत मी 'कुजणारा कचरा' म्हणते, लगेच समजतं.

सॅनिटरी पॅडचंही तसंच. स्लाइडवर 'सॅनिटरी कचरा विलगीकरण' लिहू नका. पुण्यात पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढून देण्याची पद्धत आहे. तेच लिहा, 'पॅड कागदात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा, वेगळं द्या'. हे शब्द वाचले की हात हलतो.

प्रश्न विचारणारा

'कुजणारा' आवडला. सोसायटीची स्लाइड आता अशी झाली:

कुजणारा कचरा हिरव्या डब्यात
भाजीची देठं, शिळं अन्न, निर्माल्य, वाळकी पानं
दुधाची पिशवी धुऊन निळ्या डब्यात

क्षेत्रीय कार्यालयासाठी शीर्षकात 'जैवविघटनशील (ओला) कचरा' ठेवतो, कारण त्यांच्या आदेशांत तोच शब्द असतो, 2016च्या घनकचरा नियमांतही तोच होता, आणि त्यांना ते ताडून पाहायचं असतं. खालच्या ओळी त्याच, फक्त 'देठे', 'शिळे' आणि 'पाने'.

मुद्रितशोधक

'देठं' आणि 'शिळं'वर टिंबं आहेत, मागून बघितलंत का? पहिल्या संचातही 'देठे' लिहिलं तरी आईंना कळेल.

निवृत्त शिक्षिका

'गुंडाळा', 'द्या' असं ज्येष्ठांना सांगणं मला रुक्ष वाटतं. 'द्यावा', 'काढावा' यात मान राहतो.

माजी सचिव

बाई, 'द्यावा' वाचलं की मला सोसायटीची दंडाची नोटीस आठवते.

कार्यकर्ती

वस्तीत 'द्यावा' म्हटलं तर विचारतात, 'द्यायचाच आहे का, की दिला तर बरं?'

प्रश्न विचारणारा

शनिवारच्या सभेत पहिल्या स्लाइडवर 'द्या', दुसरीवर 'द्यावा' ठेवून बघतो. मागच्या रांगेत आईच बसणार आहे.